आमच्या घरातल्या केबलींना कडी घातली त्याची गोष्ट

घरात माणसं सहा आणि चार्जर किती ते कुणालाच माहीत नव्हतं. दादा पुण्यातल्या कंपनीचं काम बेळगावात घरून करतो, वहिनीचा फोन ऐंशी वॅटवाला, अण्णांचा सॅमसंग, आज्जीचा साधा स्वस्तातला अँड्रॉइड, आईचा माझा जुना फोन, आणि मी उद्यमबागेत एका कारखान्यात मेंटेनन्सला. म्हणजे घरात वायरचं काही झालं की सगळे माझ्याकडेच बघणार हे ठरलेलं. हॉलमध्ये टीव्हीखाली एक ड्रॉवर होता त्यात सगळ्या केबली एकमेकांत गुंतलेल्या, ज्याला जी सापडेल ती तो ओढून न्यायचा, आणि मग रोज कुणाचं तरी चालूच, माझा फोन रात्रभर लावला तरी सत्तरच टक्के, माझा लॅपटॉप लावलेला असून उतरतोय, हा चार्जर खराब झालाय नवीन आणूया.

वळवाच्या दिवसांत तर जास्तच. संध्याकाळी ढग आले, वारा सुटला की लाईट गेलीच, आणि परत आली की तासाभरात सगळ्यांना सगळं चार्ज पाहिजे. त्या वेळी कोण कुठली केबल घेतं त्यावर सगळा खेळ.

चार्जर मात्र एकही खराब नव्हता. जोड्या चुकत होत्या. फोन, केबल आणि चार्जर या तिघांत जो सगळ्यात कमकुवत तो वेग ठरवतो, आणि टाइप-सी आल्यापासून सगळ्या केबली दिसतात एकसारख्या, तोंड एकच, आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. पूर्वी पिनच वेगळी असायची, बसायची नाही, प्रश्न मिटला. आता सगळं सगळ्यात बसतं आणि सगळं थोडंफार चालतं, त्यामुळं चुकतंय हेच कळत नाही.

म्हणून आधी मीटर मागवला. चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी टेस्टर असतो, सात-आठशेला मिळाला, स्क्रीनवर व्होल्ट, अँपिअर आणि वॅट दाखवतो. मोबाईलमधली अ‍ॅप्स पण करंट दाखवतात पण ती बॅटरीत जाणारा दाखवतात आणि प्रत्येक फोनचं वेगळं, त्यावर माझा विश्वास नाही. मोजायची पद्धत मात्र एकच ठेवायची, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. फोन वीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये असावा, कारण ऐंशीच्या वर गेला की फोन स्वतःच करंट कमी करतो आणि आपण उगाच केबलला शिव्या देतो. फोन गरम असला तरी तेच. स्क्रीन बंद, दोन मिनिटं थांबायचं, मग आकडा वाचायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चार्जर तोच फोन तोच, फक्त केबल दुसरी.

सुरुवात आज्जीपासून केली कारण तिची तक्रार सगळ्यात जुनी. तिचा चार्जर ५ व्होल्ट २ अँपिअर, म्हणजे १० वॅट. खाटेपर्यंत पोचावी म्हणून तिला दोन मीटरची लांब केबल दिलेली. मीटर चार्जरकडच्या टोकाला लावला तर ५.१ व्होल्ट, एकदम व्यवस्थित. तोच मीटर फोनकडच्या टोकाला लावला तर ४.३! मधले पाऊण-एक व्होल्ट केबलनेच खाल्ले. आणि व्होल्टेज पडलं की फोन घाबरून करंट कमी मागतो, त्यामुळं दोन अँपिअरच्या ठिकाणी एकसुद्धा नीट जाईना, चार वॅटच्या आसपास. तिच्या ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात, आता चार वॅटनं भरायला किती वेळ लागणार बघा, पाच तास कुठंच गेले नाहीत.

केबलीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं ते भिंगातून वाचलं, २८ एडब्ल्यूजी. हा तारेच्या जाडीचा आकडा, आणि तो उलटा चालतो, आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ नंबरची तांब्याची तार मीटरला साधारण ०.२१ ओहम देते. दोन मीटरची केबल म्हणजे जायला दोन यायला दोन असे चार मीटर, झाले ०.८५ ओहम, त्यातून एक अँपिअर गेला की ०.८५ व्होल्ट गेलेच. मीटरवर तेवढेच तर दिसत होते. दुसरी एक मीटरवाली केबल होती तिच्यावर '२८/१पी + २४/२सी' असं लिहिलेलं. पहिला आकडा डेटाच्या जोडीचा, तो बारीक असला तरी चालतो, दुसरा पॉवरच्या दोन तारांचा, तोच बघायचा. ती लावल्यावर फोनच्या टोकाला ४.७ व्होल्ट आणि जवळपास १.९ अँपिअर, म्हणजे नऊ वॅटच्या घरात. फोन तोच, चार्जर तोच. आज्जीच्या खाटेशेजारी एक्स्टेंशन बोर्ड आणून ठेवला आणि लांब केबलीला सुट्टी दिली. लांबी वाढवायची असली तर २३० व्होल्टच्या बाजूला वाढवा, पाच व्होल्टच्या बाजूला नको, एवढं एक केलं तरी कितीतरी घरांतली भांडणं मिटतील.

आज्जी म्हणाली, "मग दादाचा तो मोठा चार्जर लाव की बाळा मला, लवकर होईल." तेवढ्यात आई आतून ओरडली, "नको गं, एवढ्या मोठ्यानं फोन जळेल!" दोघींचंही बरोबर नाही. ताटात कितीही वाढलेलं असलं तरी माणूस पोटाला मागेल तेवढंच खातो, फोनचं तसंच आहे. टाइप-सीचा शंभर वॅटचा चार्जरसुद्धा सुरुवातीला ५ व्होल्टच देतो, मग केबलीतल्या सीसी नावाच्या तारेवरून फोन आणि चार्जरचं बोलणं होतं, मी ९ देऊ शकतो, १५ देऊ शकतो, २० देऊ शकतो, तुला काय पाहिजे. आज्जीचा फोन ५ च्या वर मागतच नाही, त्यामुळं जळणार पण नाही आणि दहाच्या वर जाणार पण नाही.

जळण्याची भीती खरी कुठं आहे तर गोल पिनच्या अ‍ॅडॅप्टरात. राउटरचा १२ व्होल्टचा, सेट टॉप बॉक्सचा वेगळा, जुन्या स्पीकरचा ९ चा, पिना मात्र एकमेकांत आरामात बसतात, आणि त्यांच्यात बोलणं वगैरे काही होत नाही, जे आहे ते थेट जातं. म्हणून टेपचा पहिला मान त्यांना. लाल टेप, वर पेननं नाव, 'राउटर', 'बॉक्स', आणि तोच लाल तुकडा त्या त्या यंत्राच्या भोकाशेजारी. लालचा अर्थ घरात एकच, ही जोडी मोडायची नाही.

आता दादा. त्याच्या लॅपटॉपचा चार्जर १०० वॅटचा, २० व्होल्ट ५ अँपिअर. दुपारी मीटिंग चालू, लॅपटॉप लावलेला, आणि कोपऱ्यात 'स्लो चार्जर' असा मेसेज, काम जड असेल तर बॅटरी चढायच्या ऐवजी हळूहळू उतरायची. त्यानं चार्जर बदलून मागायची तयारी केली होती. मीटर लावला, २० व्होल्ट बरोबर, पण करंट ३ अँपिअरला टेकून थांबलेला, म्हणजे ६० वॅट. इथं केबलची गंमत आहे. साधी सी-टू-सी केबल, म्हणजे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली, ३ अँपिअरपुरती धरली जाते. त्याच्या वर पाहिजे असेल तर केबलीच्या प्लगात ई-मार्कर नावाची बारकी चिप लागते, ती चार्जरला सांगते की मी ५ अँपिअरची आहे. ती चिप नसली तर चार्जर कितीही दणकट असो तो ६० वर देतच नाही, आणि नाही देत तेच चांगलं, नाहीतर बारीक केबल तापेल. झालं होतं असं की त्याची मूळची केबल अण्णा खुर्चीजवळ घेऊन बसले होते आणि अण्णांच्या फोनबरोबर आलेली केबल याच्या टेबलावर. रंगानं दोन्ही काळ्या. अदलाबदल केली आणि मेसेज गेला, आकडा ऐंशीच्या वर.

"म्हणजे मी चोर का?" अण्णा. मी म्हटलं तुम्ही नाही अण्णा, पण तुम्हाला पाचची केबल लागतच नाही. त्यांच्या फोनला २५ वॅट पुरतात, त्याला ३ अँपिअरची कुठलीही धडकी सी-टू-सी केबल चालते. फक्त त्यांच्या बाबतीत चार्जर निवडून लागतो. त्या फोनला पीपीएस पाहिजे, म्हणजे चार्जरनं फोन सांगेल तसं व्होल्टेज थोडंथोडं वरखाली करायचं. पीपीएस आहे का ते चार्जरच्या लेबलवर बघायचं, नुसतं '९ व्होल्ट' नसून '३.३ ते ११ व्होल्ट' अशी रेंज छापलेली असते. ती असली की फोनवर "Super fast charging" येतं, नसली तर नुसतं "Fast charging", आणि तेवढ्यावरून मीटर नसला तरी कळतं.

राहिली वहिनी. तिच्या चार्जरवर ११ व्होल्ट ७.३ अँपिअर लिहिलंय, गुणाकार करा, ऐंशी. पण ही त्या कंपनीची स्वतःची भाषा आहे, तिचाच चार्जर, तिचीच जाड केबल आणि तिचाच फोन असे तिघे जमले तरच ऐंशी. केबलीचा चार्जरकडचा प्लग जुन्या चौकोनी ए टाइपचा, पण आत बघितलं तर एक जास्तीची पिन दिसते. तिचा फोन अण्णांच्या चार्जरवर लावला तर मीटरवर ५ व्होल्ट आणि दोनच्या आसपास अँपिअर, दहा वॅट. अण्णांचा फोन तिच्या चार्जरवर लावला, तेच. म्हणजे घरातले फोनचे दोन फास्ट चार्जर आपसात बदलले की दोघंही आज्जीच्या वेगावर येतात. वहिनी म्हणाली, "भावजी, माझा चार्जर मी कपाटातच ठेवते." तोही एक उपाय आहे म्हणा.

मग रंग ठरवायला बसलो. माझ्या मनात आधी माणसागणिक रंग होता, आज्जीचा पांढरा, अण्णांचा हिरवा असा, पण दादा बरोबर बोलला, की माणसाचा रंग लावलास तर फोन बदलला की सगळं परत सोलायचं. शिवाय आईला आणि अण्णांना लागतं तेच असेल तर दोन रंग कशाला. म्हणून रंग कामाचा लावला आणि माणसानं आपला रंग लक्षात ठेवायचा. पांढरा म्हणजे ए-टू-सी, साधे दहा वॅट, आज्जी. हिरवा म्हणजे ३ अँपिअरची सी-टू-सी केबल आणि पीपीएसवाला २५ चा चार्जर, अण्णा, आई आणि मी. निळा म्हणजे ५ अँपिअरची केबल आणि शंभरचा चार्जर, दादा. पिवळा वहिनीचा, घरात एकटाच.

पण लाईट गेल्यावर टॉर्चच्या उजेडात हिरवं निळं सारखंच दिसतं, आणि आज्जीला तर दिवसापण. म्हणून रंगाबरोबर कडी पण घातली, पांढऱ्याला एक, हिरव्याला दोन, निळ्याला तीन. बोट फिरवलं की कळतं. आणि नियम सोपा झाला, सी-टू-सीमध्ये केबलीवर चार्जरइतकी किंवा जास्त कडी असली की काही कमी पडत नाही, कमी असली तर नुकसान होत नाही पण वेग गेला. दादाची निळी केबल अण्णांनी घेतली तर अण्णांचं चालतं, दादाचं अडतं. पिवळ्याला कडं नाही, लांब अखंड पट्टा आहे, त्याला मोजायचंच नाही.

पांढऱ्यावर माझा जीव आहे हे सांगायला पाहिजे, कारण सगळे म्हणतात आता सगळं सी-टू-सी करूया, जुन्या केबली टाकून दे. टाकू नका. घरातला ट्रिमर, आज्जीची टॉर्च, माझा नेकबँड, तिघांनाही टाइप-सीचं भोक आहे, पण सी-टू-सी केबलीनं त्यातलं एकही चार्ज होईना. कारण टाइप-सी चार्जर समोरून खूण मिळाल्याशिवाय व्होल्टेज सोडतच नाही, आणि ती खूण म्हणजे यंत्राच्या आतला ५.१ किलोओहमचा रेझिस्टर, जो स्वस्त वस्तू बनवणारे दोन-चार पैसे वाचवायला लावतच नाहीत. ए टाइपचा चार्जर असलं काही विचारत नाही, लावला की ५ व्होल्ट हजर. म्हणून एखादी वस्तू 'मेली' असं वाटलं की आधी पांढरी केबल लावून बघायची हा आमच्याकडे आता कायदा आहे, शेजारच्या काकूंचा ट्रिमर असाच जिवंत झाला.

सामान गणपत गल्लीत घेतलं. पहिल्यांदा इलेक्ट्रिशियनची पीव्हीसी टेपच आणली होती, पण केबलीवर तिची कड उन्हाळ्यात सुटते, डिंक बाहेर येतो आणि हाताला चिकटतं, वरून धूळ. चार्जरच्या अंगावर ठीक आहे, केबलीला नको. केबलीला हीट श्रिंकची स्लीव्ह घातली, गरम केली की आकसून बसणारी नळी, कारखान्यात पॅनलला वापरतोच. इथं माप महत्त्वाचं. केबल चार मिलीमीटरची पण प्लग बारा मिलीमीटरच्या आसपास, आणि स्लीव्ह प्लगवरूनच घालावी लागणार. साधी स्लीव्ह निम्म्यानं आकसते, म्हणजे १२ ची ६ होणार आणि केबलीवर ढिली फिरणार. त्यामुळं तीनास एकवाली मागायची, १२ ची ४ होते आणि घट्ट बसते. बऱ्याच दुकानात ती नसते, दुकानदारानं आधी निम्म्यावालीच पुढं केली, "हेच घ्या की साहेब, सगळे हेच नेतात." तरी माप सांगून तीच घ्या. दीड सेंटिमीटरचे तुकडे केले आणि प्लगपासून चार बोटं सोडून घातले, अगदी प्लगला लागून घातलं तर केबल जिथं वाकायला पाहिजे तिथं ताठ होते आणि तिथंच तुटते. हेअर ड्रायरनं नीट आकसत नाही, मी कारखान्यातली हीट गन एका दिवसासाठी आणली. लायटरनं पण होतं पण एका जागी धरायचं नाही, केबलीचं कव्हरच आधी वितळतं. दोन्ही टोकांना घाला, एकाच टोकाला घातलं की नेमकं दुसरंच हातात येतं.

चार्जरवर टेपची पट्टी फक्त कडेला, लेबल झाकायचं नाही, सगळ्या अंगाला गुंडाळायचं नाही कारण तो तापतो आणि निवायला त्याला हवा लागते. अण्णांनी बघितलं आणि वहिनीचा पिवळा चार्जर राउटरच्या लाल अ‍ॅडॅप्टरशेजारीच बोर्डावर, "लाल-पिवळं शेजारी शेजारी लावून तू काय नोव्हेंबरची तयारी करालास काय रे?" बेळगावकरांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी, लाल-पिवळा म्हणजे कन्नड झेंडा आणि एक नोव्हेंबर म्हणजे कर्नाटक राज्योत्सव. राउटर पुढच्या बोर्डावर गेला.

एक गोष्ट रंगानं सुटत नाही. आमच्याकडे ६५ चा एक तीन भोकांचा चार्जर आहे, प्रवासाचा. त्यात एकच काही लावलं तर ६५, दुसरं लावलं की तो ४५ आणि २० असं वाटून टाकतो, आणि लावल्याक्षणी पहिलं पण एकदा बंद होऊन परत चालू होतं कारण बोलणी नव्यानं होतात. दादा गेल्या वेळी पुण्याला जाताना निपाणीला मामांकडे थांबला होता, तिथं लॅपटॉप लावलेल्या चार्जरातच मामांनी फोन खुपसला आणि याचा मेसेज आला, "निळी केबल आहे तरी स्लो दाखवतंय." त्या चार्जरला मी कुठलाच एक रंग देऊ शकत नाही. शेवटी भोकाभोकाला वेगळी टेप लावली, वरच्याला दोन हिरवी कडी, खाली काहीच नाही, आणि बाजूला पेननं लिहिलं, 'लॅपटॉप असेल तर एकटाच'.

केबली आता कुंद्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यांत आहेत, रंगाप्रमाणे, डब्याच्या झाकणाला पण तेवढीच कडी. अधूनमधून मीटर लावून बघतो, कारण वाकून वाकून केबल आतून तुटत जाते आणि बाहेरून धडधाकट दिसते. प्लग हातात घेऊन थोडा हलवायचा आणि आकड्याकडे बघायचं, वॅट नाचले किंवा प्लग बोटाला गरम लागला की ती केबल गेली. गेल्या महिन्यात आईची हिरवी केबल तशीच निघाली, हलवलं की ९ व्होल्टवरून ५ वर यायची. तिची दोन्ही टोकांची कडी कात्रीनं कापली आणि केबल ई-वेस्टच्या पिशवीत टाकली, नाहीतर कुणीतरी परत ड्रॉवरमध्ये ठेवलीच असती.